फोटोतला चेक वाचताना

चेक हातात पडण्याआधी त्याचा फोटो मोबाईलवर येतो, अशी आता पद्धतच झाली आहे. ‘चेक तयार आहे, येऊन घेऊन जा’ एवढा निरोप आणि खाली भरलेल्या चेकचा फोटो. ज्या मुलामुलींनी पैसे देणं-घेणं सुरू केलं तेच मोबाईलवरून, त्यांना हा फोटो म्हणजे पैसे आल्याची पावती वाटते. प्रत्यक्षात तो नीट वाचला तर बँकेत जाण्याआधीच कळतं की हा चेक वटेल की परत येईल.

माझी भाची कराडला घरगुती फराळाचा व्यवसाय करते. २०२५च्या दिवाळीत तिने पुण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीला फराळाचे डबे पुरवले. बिल झालं १८,४५० रुपये. सोसायटीच्या हिशेबाला चेक लागतो म्हणून खजिनदारांनी चेक लिहिला आणि फोटो पाठवला. तिने तो मला पुढे पाठवून विचारलं, “मामा, हा बरोबर आहे ना? पुण्याला जायचं तर एकच फेरी व्हायला हवी.” बँकेच्या क्लिअरिंग विभागात माझी नोकरी झाली, त्यामुळे असे चेक बघण्याची नजर अजून शाबूत आहे. या एका फोटोच्या आधाराने चेकचा प्रत्येक रकाना काय सांगतो ते इथे मांडतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भाचीने कराडच्या तिच्या बँकेत चेक भरला, तर तो कागद पुण्याला जाणार नाही. पूर्वी जायचा. चेकचे गठ्ठे बांधून एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचे आणि त्यात दिवस मोडायचे. २००८ साली दिल्लीच्या परिसरात रिझर्व्ह बँकेने चेक ट्रंकेशन सिस्टिम सुरू केली आणि पुढे ती देशभर पसरली. तिलाच बँकेतले लोक सीटीएस म्हणतात. या पद्धतीत ज्या बँकेत आपण चेक भरतो तिथेच त्याचा कागदी प्रवास थांबतो. यंत्र त्याच्या प्रतिमा काढतं आणि त्या प्रतिमा, तळाच्या आकड्यांसह, ज्या बँकेवर चेक काढला आहे तिच्याकडे जातात. पैसे द्यायचे की नाही हे तिकडचा माणूस पडद्यावरच्या प्रतिमेकडे बघून ठरवतो. कायद्यातही २००२च्या दुरुस्तीने अशा चेकला जागा करून दिली आहे.

म्हणजे भाचीने मोबाईलवर जे पाहिलं, जवळपास तेच पुण्याच्या बँकेतला कर्मचारी पाहणार होता. मी तिला म्हटलं, तू स्वतःला त्याच्या खुर्चीत बसव आणि बघ. त्याला सोसायटी माहीत नाही, फराळ माहीत नाही, खजिनदार किती सज्जन आहेत तेही माहीत नाही. त्याच्यापुढे आहे ते एवढंच.

यंत्र चेकच्या तीन प्रतिमा काढतं. पुढच्या बाजूची एक करड्या छटांची, पुढच्याच बाजूची दुसरी निव्वळ काळी-पांढरी आणि मागच्या बाजूची एक काळी-पांढरी. रंगीत प्रतिमा नसते. म्हणून फिकट शाईने, लाल-हिरव्या स्केचपेनने किंवा संपत आलेल्या रिफिलने लिहिलेला चेक कागदावर वाचता येतो, पण काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत त्याची अक्षरं तुटतात. गडद निळी किंवा काळी शाई वापरा, असं बँका सांगतात त्याचं कारण हे. सोसायटीच्या चेकवर शाई निळी आणि ठसठशीत होती. तिथे काही अडचण नव्हती.

आता वर उजवीकडे. तिथे तारखेचे आठ चौकोन असतात. पहिले दोन दिवसाचे, मग दोन महिन्याचे, शेवटचे चार वर्षाचे. क्रम ठरलेला आहे. अमेरिकेत महिना आधी लिहितात. तिकडे राहणारा मुलगा इथल्या खात्याच्या चेकवर सवयीने ५ नोव्हेंबर ही तारीख ११-०५ अशी लिहून बसला, तर बँक ती ११ मे समजणार. आपल्या फोटोतली तारीख ०५-११-२०२५ अशी होती.

या आठ चौकोनांवर चेकचं आयुष्य ठरतं. लिहिलेल्या तारखेच्या आधी बँक पैसे देत नाही आणि त्या तारखेपासून तीन महिने उलटले की चेक शिळा होतो. ही मुदत पूर्वी सहा महिने होती. लोक सहा-सहा महिने चेक बाजारात रोख नोटेसारखे फिरवतात असं लक्षात आल्यावर रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२पासून ती तीन महिन्यांवर आणली. घरातली मोठी माणसं अजून सहा महिने सांगतात, त्यांच्यावर विसंबू नये. मोजायचे ते महिने, नव्वद दिवस नव्हेत. आणि मोजणी चेकवरच्या तारखेपासून होते, चेक तुमच्या हातात पडला त्या दिवसापासून नव्हे. ५ नोव्हेंबरचा चेक फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपतो. शेवटचा दिवस धरायचा की सोडायचा यावर काउंटरवर वाद घालण्याची वेळच येऊ देऊ नये. हातात आलेला चेक आठवड्याभरात भरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मुदत संपली म्हणून तुमचं येणं बुडत नाही, पण तो कागद मात्र वटत नाही. देणाऱ्याकडून नवा चेक घ्यावा लागतो.

पुढच्या तारखेचा चेक देणं बेकायदा नाही. घरभाड्याचे बारा चेक एकदम लिहून देणारे भाडेकरू आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण तो त्या तारखेआधी भरला तर परत येतो. उलट, कालची किंवा गेल्या महिन्यातली तारीख असली तरी तीन महिन्यांच्या आत असेल तर चालतं. रविवारची किंवा सुट्टीची तारीखही चालते, फक्त पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात. तारखेचे चौकोन मोकळे असतील तर असा चेक बँक पास करत नाही. फोटोत ते मोकळे दिसले तर देणाऱ्याला लगेच विचारावं आणि त्याच्याच हाताने तारीख घालून घ्यावी.

इथे एक नियम सांगायला मला आवडतं, कारण बँकेतही तो सगळ्यांना ठाऊक नसतो. भारत सरकारने २२ मार्च १९५७पासून शक कालगणना राष्ट्रीय दिनदर्शिका म्हणून स्वीकारली. त्यामुळे हिंदीत लिहिलेल्या चेकवर शकाची तारीख असेल तर तेवढ्या कारणावरून तो नाकारू नये, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. बँकेने तिची इंग्रजी तारीख काढून मुदत तपासायची. पहिल्यांदा चेक लिहिणाऱ्याने मात्र हा प्रयोग करू नये. चेक मराठीत लिहायलाही पूर्ण मुभा आहे. हिंदी, इंग्रजी किंवा त्या राज्याची भाषा, तिन्ही चालतात.

सोसायटीच्या चेककडे परत येतो. फोटो दोन बोटांनी मोठा केल्यावर महिन्याच्या दुसऱ्या चौकोनात एक जाड काळा ठिपका दिसला. खजिनदारांनी आधी सवयीने दहावा महिना लिहिला होता आणि शून्यावरून एक गिरवून त्याचा अकरा केला होता. कागदावर हे खपून जाईल असं वाटतं. पण सीटीएसचा नियम कडक आहे. घेणाऱ्याचं नाव, आकड्यातली रक्कम आणि अक्षरी रक्कम यांत कुठलीही खाडाखोड चालत नाही. शेजारी सही केली तरी चालत नाही. चूक झाली की नवं पान वापरायचं. सूट आहे ती फक्त तारखेला, म्हणजे मुदतीसाठी तारीख बदलायची असेल तर, आणि तीसुद्धा बदलाजवळ चेक काढणाऱ्याची पूर्ण सही असेल तरच. इथे सही नव्हती, नुसतं गिरवलेलं होतं. प्रतिमा बघणाऱ्या माणसाने हा चेक परत पाठवला असता तर त्याला दोष देता आला नसता. तारीख बदलून मुदत वाढवून घेणं ही फसवणुकीची जुनी वाट आहे आणि गिरवलेल्या आकड्यामागचा हेतू प्रतिमेवरून कळत नाही.

त्याखालची ओळ नावाची. ‘पे’ किंवा ‘अदा करें’ या छापील शब्दांनंतर ज्याला पैसे द्यायचे त्याचं नाव येतं. ते खात्यावरच्या नावाशी जुळायला हवं. भाचीचं बँकेतलं खातं लग्नाआधीच्या नावाचं आहे आणि बिलावर ती सासरचं आडनाव लिहिते. खजिनदारांनी बिलावरून नाव उतरवलं असतं तर चेक अडला असता. तिने बिलाखालीच ‘चेक या नावाने द्यावा’ असं लिहून खात्यावरचं नाव दिलं होतं, आणि चेकवर तेच आलं होतं. घरगुती व्यवसायाला छान नाव ठेवलेल्या प्रत्येकाने हे करावं. व्यवसायाच्या नावाने खातं नसेल तर त्या नावाचा चेक घेऊन उपयोग नाही.

नावाच्या ओळीच्या उजव्या टोकाला ‘या धारक को’ आणि ‘ऑर बेअरर’ असं छापलेलं असतं. अर्थ असा की नाव लिहिलेल्या व्यक्तीला, किंवा हा चेक घेऊन येणाऱ्या कोणालाही पैसे द्या. हे शब्द खोडले नाहीत आणि चेकवर दुसरी कसली खूण नसेल, तर तो वाटेत सापडलेला माणूसही त्या बँकेच्या काउंटरवर जाऊन रोख मागू शकतो. बँक मोठ्या रकमेला ओळखपत्र मागेल, प्रश्न विचारेल, पण चेक मुळात उघडा आहे. हा धोका टाळण्यासाठी वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारतात.

या रेघांबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून इथे थोडं थांबतो. चेकचा आपला कायदा १८८१ सालचा आहे, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट. त्याच्या १२३व्या कलमात साध्या क्रॉसिंगची व्याख्या आहे. चेकच्या दर्शनी बाजूवर दोन समांतर तिरक्या रेघा, बस्स. मधे ‘अँड कंपनी’ असे शब्द असोत वा नसोत. या रेघांचा अर्थ एवढाच की काउंटरवर रोख मिळणार नाही, पैसे बँकेमार्फत कुठल्या तरी खात्यातच जातील. कुठल्या खात्यात, हे या रेघा सांगत नाहीत. ‘बेअरर’ न खोडलेला, नुसत्या दोन रेघांचा चेक ज्याच्या हाती लागला तो स्वतःच्या खात्यात भरू पाहू शकतो. पुढे चौकशी झाली तर तो खातेदार सापडेल, रोखीत घेतला असता तर सापडला नसता, एवढाच फरक. पण रेघा मारल्या म्हणजे पैसे माझ्याच खात्यात येणार, हा समज चुकीचा आहे.

ती खात्री देतात रेघांमधले शब्द, ‘अकाउंट पेयी’ किंवा ‘अकाउंट पेयी ओन्ली’. गंमत अशी की १८८१च्या कायद्यातल्या क्रॉसिंगच्या व्याख्यांत हे शब्द नाहीत. ते बँकांच्या व्यवहारातून आले आणि त्यांना धार आली रिझर्व्ह बँकेच्या आदेशांमुळे. अकाउंट पेयी चेकचे पैसे नाव लिहिलेल्या व्यक्तीखेरीज दुसऱ्या कोणाच्या खात्यात जमा करू नयेत, अशी बँकांना स्पष्ट मनाई आहे. असा चेक मागे सही करून दुसऱ्याला देता येत नाही. ‘माझ्या भावाच्या खात्यात भरा’ असं सांगून चालत नाही.

या मनाईला एक अपवाद आहे आणि तो महाराष्ट्रातल्या गावोगावच्या माणसांच्या कामाचा आहे. अनेकांचं खातं बँकेत नसून पतसंस्थेत असतं. पतसंस्था ही बँक नव्हे, तिला क्लिअरिंगमध्ये थेट जागा नाही, म्हणून ती सभासदाचा चेक स्वतःच्या बँकेतल्या खात्यात भरते. नाव सभासदाचं आणि खातं पतसंस्थेचं, म्हणजे नियमाने अडायला हवा. अशा सभासदाचा अकाउंट पेयी चेक ५०,००० रुपयांपर्यंत असेल तर तो पतसंस्थेच्या खात्यात गोळा करायला रिझर्व्ह बँकेने बँकांना परवानगी दिली आहे. त्यावर रक्कम गेली की स्वतःचं बँकखातं हवं. भाचीचं खातं बँकेतच आहे, पण तिला पीठ आणि तूप पुरवणाऱ्यांपैकी काहींना हा नियम लागू पडतो. ती त्यांना चेक लिहील तेव्हा हे लक्षात ठेवायला मी सांगितलं.

आणखी दोन खुणा कधीतरी दिसतील. रेघांमध्ये ‘नॉट निगोशिएबल’ लिहिलं असेल तर चेक दुसऱ्याला देता येतो, पण घेणाऱ्याला देणाऱ्यापेक्षा चांगला हक्क मिळत नाही. चोरीचा असेल तर प्रामाणिकपणे घेतलेल्याचाही हक्क टिकत नाही. आणि दर्शनी बाजूवर आडवं एखाद्या बँकेचं नाव लिहिलं असेल तर पैसे त्या बँकेमार्फतच दिले जातात. याला विशेष क्रॉसिंग म्हणतात आणि त्याला रेघांचीही गरज नसते.

क्रॉसिंग फक्त चेक लिहिणाऱ्यानेच करावं असं नाही. कुणी उघडा चेक दिला तर तो घेणाऱ्यालाही त्यावर रेघा मारायचा अधिकार कायद्याच्या १२५व्या कलमाने दिला आहे. चेक घेऊन एसटीने कराडला परतायचं असेल तर सोसायटीच्या ऑफिसातच पेन काढून रेघा मारून घ्याव्यात. बंधन एकच. रेघा किंवा रबरी शिक्का तारीख, नाव, रक्कम आणि सही यांच्यावर येता कामा नये. पूर्वी काही जण चेकच्या मधोमध मोठ्या रेघा ओढायचे. आता प्रतिमेत त्या रेघेखाली रक्कम अडकली तर वाचणार कोण? डावा वरचा कोपरा त्यासाठीच बरा.

सोसायटीच्या चेकवर कोपऱ्यात नीट दोन रेघा होत्या आणि मधे ‘अकाउंट पेयी ओन्ली’. ‘ऑर बेअरर’ मात्र खोडलेलं नव्हतं. त्याने चेक अडत नाही, कारण अकाउंट पेयीच्या पुढे धारकाला काही उरत नाही. तरी एका रेघेने ते शब्द खोडण्याची सवय चांगली. ही खाडाखोड धरली जात नाही, ती छापील पर्याय रद्द करण्याची नेहमीची रीत आहे.

रक्कम दोनदा लिहिलेली असते, अक्षरी आणि आकड्यांत. दोन्हींत फरक असेल तर अक्षरी रक्कम खरी धरावी, असं कायद्याचं १८वं कलम सांगतं. हे वाचून कुणी निर्धास्त होऊ नये, कारण प्रत्यक्षात बँका असा चेक ‘अक्षरी व आकडी रकमेत फरक’ असा शेरा मारून परत करतात. फोटोत अक्षरी ‘अठरा हजार चारशे पन्नास मात्र’ होतं आणि चौकोनात १८,४५०. दोन्ही जुळत होतं. ‘रुपये’ या छापील शब्दाला लागून सुरुवात केली होती आणि ‘मात्र’नंतर उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढली होती. ही रेघ महत्त्वाची आहे. अक्षरी रकमेच्या आधी मोकळी जागा ठेवली तर तिथे ‘एक लाख’ हे दोन शब्द सहज बसतात आणि आकड्याआधी एक. चेक लिहिताना डावीकडे जागा न सोडणं हा माझ्या मते इतर कुठल्याही काळजीपेक्षा मोठा बचाव आहे.

मग आली सही, आणि खरी अडचण तिथे होती. उजवीकडे खाली सोसायटीचं नाव छापलेलं होतं आणि त्याच्या वर एकच सही होती, खजिनदारांची. सोसायटीच्या खात्यावर साधारणपणे दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. चिटणीस आणि त्यांच्यासोबत अध्यक्ष किंवा खजिनदार. खजिनदारांनी आपली सही करून चेक ‘तयार’ म्हटला होता, दुसरी सही व्हायची होती. पहिल्यांदा चेक बघणाऱ्याला हे कळणं कठीण, कारण वैयक्तिक खात्याच्या चेकवर एकच सही असते. सोसायटी, संस्था, मंडळ, भागीदारी व्यवसाय अशा कुणाचाही चेक असेल तर सह्या किती लागतात हे विचारावं आणि फोटोत त्या मोजाव्यात. सहीखाली पदाचे शिक्के असले तर ते सहीवर चढलेले नाहीत ना, हेही बघावं. सही बँकेतल्या नमुन्याशी जुळते का, हे मात्र फोटोवरून तुम्हाला कळणार नाही. खात्यात पैसे आहेत का तेही नाही, आणि देणाऱ्याने नंतर बँकेला चेक थांबवायला सांगितलं आहे का तेही नाही.

तळाशी पांढऱ्या पट्टीवर चमत्कारिक वळणाचे आकडे असतात. ते चुंबकीय शाईने छापतात आणि यंत्र ते वाचतं. डावीकडून पहिले सहा आकडे चेकचा नंबर. नंतरचे नऊ शाखेचा कोड, त्यात पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. शहराचे आकडे पिनकोडच्या सुरुवातीशी जुळतात, पुण्याचे ४११, मुंबईचे ४००. त्यानंतर खात्याशी संबंधित सहा आकडे आणि शेवटी व्यवहाराच्या प्रकाराचे दोन. या पट्टीवर काहीही लिहायचं नाही, शिक्का मारायचा नाही, घडीही पाडायची नाही. फोटोत तिथे शाई लागलेली दिसली तर नवा चेक मागावा.

भाचीला मी आणखी एक गोष्ट दाखवली. चेकवर डावीकडे खातेक्रमांक, वर शाखेचा आयएफएससी कोड, खाली ही पट्टी आणि कोपऱ्यात सही, म्हणजे खोटा चेक बनवणाऱ्याला हवं ते सगळं एका फोटोत आहे. चेकच्या कागदात त्यावर उपाय केलेले असतात. उजेडासमोर धरला तर ‘सीटीएस इंडिया’ असा जलचिन्हाचा मजकूर दिसतो, आणि झेरॉक्स किंवा रंगीत स्कॅन काढला तर नुसत्या डोळ्यांना न दिसणारा ‘कॉपी’ किंवा ‘व्हॉइड’ हा शब्द उमटतो. शिवाय १ जानेवारी २०२१पासून ५०,००० रुपये आणि त्यावरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पेची सोय आहे. चेक देणारा आपल्या बँकेला चेक नंबर, तारीख, नाव आणि रक्कम आधी कळवतो आणि बँक आलेल्या प्रतिमेशी ते ताडून पाहते. पाच लाख आणि त्यावरच्या रकमेला बँक हे सक्तीचं करू शकते. तुम्हाला मोठ्या रकमेचा चेक मिळाला असेल तर देणाऱ्याला ‘पॉझिटिव्ह पे भरलंत का?’ असं जरूर विचारावं. आणि फोटो कुणाकुणाला पाठवू नये. ज्याने चेक पाठवला त्यानेही सही आणि तळाची पट्टी झाकून फोटो काढला तर उत्तम. नाव, तारीख, रक्कम आणि रेघा तपासायला तेवढं पुरतं. मात्र सह्या किती आहेत ते तोंडी विचारून घ्यावं.

फोटो दाखवून पैसे मिळत नाहीत, हेही सांगायला हवं. बँक प्रतिमेवर काम करते खरं, पण ती प्रतिमा तिने स्वतः मूळ कागदावरून काढलेली असावी लागते. मूळ चेक बँकेत द्यावाच लागतो.

भाचीने खजिनदारांना फोन केला. “काका, तारखेत गिरवलंय आणि चिटणीसांची सही राहिलीय. नवीन पान लिहिता का?” त्यांनी तक्रार न करता नवं पान घेतलं, १०-११-२०२५ अशी तारीख घातली, दोन्ही सह्या घेतल्या आणि जुन्या पानावर ‘रद्द’ असं लिहून ते फाईलला लावलं. ती गुरुवारी पुण्याला जाऊन चेक घेऊन आली आणि शुक्रवारी, १४ नोव्हेंबरला सकाळी तिच्या कराडच्या शाखेत गेली. चेकच्या मागे तिने स्वतःचा खातेक्रमांक आणि फोन नंबर लिहिला. चेकपेटी होती, पण तिने काउंटरवर देऊन स्लिपच्या अर्ध्या भागावर शिक्का मारून घेतला. अशी पोच मागितली तर कुठलीही शाखा ती नाकारू शकत नाही. ४ ऑक्टोबर २०२५पासून क्लिअरिंगचे गठ्ठे संपले. त्या वेळी दहा ते चारच्या दरम्यान चेक स्कॅन झाला तसा लगेच पुढे जायचा आणि समोरच्या बँकेने त्याच संध्याकाळी सातपर्यंत हो-नाही कळवायचं असायचं. तिचे पैसे त्या दिवशीच जमा झाले.

परत आला असता तर बँकेने कारण लिहिलेला मेमो दिला असता. तो चेकसोबत जपून ठेवायचा. कारण सहीचं, तारखेचं किंवा रकमेच्या फरकाचं असेल तर दुरुस्त चेक मागायचा. कारण ‘शिल्लक अपुरी’ असेल तर दिवस मोजायला लागायचं. कायद्याच्या १३८व्या कलमाप्रमाणे चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांच्या आत देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून त्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात, आणि त्यानेही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. हे कलम लागू होण्यासाठी चेक त्याच्या मुदतीत भरलेला असावा लागतो, म्हणून भरल्याची शिक्का मारलेली स्लिप पैसे जमा होईपर्यंत टाकून द्यायची नाही.